व्होसोरिटाइड सुरू करून तीन महिने झाले, वाढ फक्त आठ मिलिमीटर: औषध लागू पडत नाही का?

प्रश्न: मुलगी पाच वर्षांची आहे, वजन १४ किलो. अकॉन्ड्रोप्लेजियाचं, म्हणजे हाडांची लांबी खुंटवणाऱ्या जन्मजात आजाराचं, निदान जनुक तपासणीने पक्कं झालंय. उंची वाढावी म्हणून तीन महिन्यांपासून रोज व्होसोरिटाइडचं इंजेक्शन देतोय. घरी भिंतीवर खूण करून उंची मोजतो, ती आठच मिलिमीटर वाढलीय. औषध लागू पडत नाही का? डोस वाढवून मागावा का? शिवाय इंजेक्शननंतर दोनदा ती एकदम मलूल झाली, तेव्हापासून सासूबाई म्हणतात, बंदच करा.

उत्तर:

ताई, आधी एक साधं गणित मांडते, मग औषधाकडे वळू. अकॉन्ड्रोप्लेजिया असलेलं पाच-सहा वर्षांचं मूल औषधाशिवाय वर्षाला साधारण चार सेंटिमीटर वाढतं. व्होसोरिटाइडच्या मुख्य चाचणीत ५ ते १८ वयोगटातली १२१ मुलं होती. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन असं ५२ आठवडे दिलं. दोन्ही गटांच्या वाढीच्या वेगात वर्षाला सरासरी १.५७ सेंटिमीटरचा फरक पडला. हा फरक चारने भागा. तीन महिन्यांत औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलामधला सरासरी फरक चार मिलिमीटरच्या आत येतो. भिंतीवर पेन्सिलने केलेल्या खुणेची चूक त्याहून मोठी असते.

म्हणजे तुमच्या आठ मिलिमीटरवरून औषध चालतंय असंही म्हणता येत नाही आणि चालत नाही असंही नाही. वर्षाचा हिशेब लावला तर तो वेग ३.२ सेंटिमीटर होतो, औषधाशिवायच्या वेगाहूनही कमी. औषधाने वाढ मंदावत नाही, त्यामुळे मला पहिला संशय मोजमापाचाच येतो. पण संशयावर भागत नाही. नीट मोजायला हवं, आणि ते कसं हे खाली सांगते. त्याआधी औषध नेमकं काय करतं ते समजून घ्या, कारण त्यावरूनच किती अपेक्षा ठेवायची हे ठरतं आणि डोस वाढवण्याच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो. तिथल्या पेशी आधी एकाखाली एक रांगेत वाढतात, मग फुगतात आणि शेवटी त्यांच्या जागी हाड तयार होतं. हाडाची लांबी याच रांगेतून येते. ही वाढ बेसुमार होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या शरीरात एक लगाम असतो. त्या लगामाचं नाव एफजीएफआर-३. कूर्चेच्या पेशीवर बसलेलं हे प्रथिन पेशीला ‘सावकाश’ असा निरोप देतं. अकॉन्ड्रोप्लेजियात त्याच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे प्रथिनात ३८० व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन येतं आणि लगाम सतत ओढलेला राहतो. जवळपास सगळ्या मुलांत हाच एक बदल सापडतो. बहुतेक वेळा आईवडिलांत तो नसतो, मुलात नव्यानेच घडलेला असतो. म्हणून कोणी कोणाला दोष द्यायचं कारण नाही. हे मी प्रत्येक घरात सांगते, कारण ते मनातून जायला वेळ लागतो.

हा लगाम पेशीच्या आत दोन वाटांनी काम करतो. एक वाट पेशींची संख्या वाढू देत नाही. दुसरी वाट, जिला मॅप-कायनेझ म्हणतात, पेशींना नीट फुगू आणि पक्व होऊ देत नाही. शरीरातच तयार होणारं सीएनपी नावाचं एक छोटं प्रथिन कूर्चेच्या पेशीवरच्या वेगळ्या ग्राहकाला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि ही दुसरी वाट आतून अडवतं. सीएनपीचं महत्त्व निसर्गानेच दाखवून दिलंय. ज्यांच्यात त्याचा ग्राहक जन्मतः निकामी असतो त्यांची उंची फार खुंटते, आणि ज्यांच्या शरीरात जनुकीय कारणाने सीएनपी जास्त बनतं ती माणसं खूप उंच होतात. क्योटोतल्या संशोधकांनी २००४ साली अकॉन्ड्रोप्लेजिया असलेल्या उंदरांच्या कूर्चेत सीएनपी वाढवून दाखवलं, तेव्हा त्यांची खुंटलेली हाडं लांब झाली. औषधाची कल्पना तिथून पक्की होत गेली.

अडचण अशी होती की नैसर्गिक सीएनपी रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. एक एन्झाइम त्याचे तुकडे करून टाकतं. व्होसोरिटाइड म्हणजे सीएनपीचीच ३९ अमिनो आम्लांची साखळी. तिच्या टोकाशी थोडा बदल केल्यामुळे ते एन्झाइम तिला सहज तोडू शकत नाही, आणि औषध निम्मं व्हायला सुमारे अर्धा तास लागतो. कूर्चेपर्यंत पोहोचून काम सुरू करायला तेवढा वेळ पुरतो. पण दुसऱ्या दिवशीसाठी काही शिल्लक राहत नाही, म्हणून इंजेक्शन रोज द्यावं लागतं.

अनेकजण याला ‘ग्रोथ हार्मोनचं नवं इंजेक्शन’ समजतात. तसं ते नाही. ग्रोथ हार्मोन वाढीला मागून ढकलतं, पण लगाम ओढलेलाच राहतो, त्यामुळे या आजारात त्याचा फायदा मर्यादित असतो. व्होसोरिटाइड लगामाचा ताण कमी करतं. तेही पूर्ण नाही, कारण पहिली वाट, म्हणजे पेशींची संख्या रोखणारी, त्याच्या हातात नसते.

यावरून डोसचा प्रश्न सुटतो. सुरुवातीच्या चाचणीत मुलांना किलोमागे २.५, ७.५, १५ आणि ३० मायक्रोग्रॅम असे चार डोस देऊन पाहिले होते. १५ पर्यंत परिणाम वाढत गेला. ३० दिल्यावर वेग आणखी चढला नाही. मी ते असं समजते: ज्या एका वाटेवर औषध काम करतं ती १५ मायक्रोग्रॅमला जवळपास जितकी अडायची तितकी अडते. त्यापुढे दिलेलं जास्तीचं औषध कूर्चेला उपयोगी पडत नाही, पण रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. त्यामुळे डोस वाढवून मागू नका.

आता तुमच्या मुलीचा डोस बघू. औषध वजनाच्या गटांप्रमाणे दिलं जातं. १२ ते १६ किलोच्या गटात रोज ०.२८ मिलिग्रॅम. मिलिलिटरमागे ०.८ मिलिग्रॅम असं द्रावण असेल तर सिरिंजमध्ये ०.३५ मिलिलिटर येतं. १४ किलोच्या मुलीसाठी हे किलोमागे २० मायक्रोग्रॅम होतं, १५ नाही. ते पाहून काही पालक घाबरतात. लहान मुलांचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, म्हणून रक्तात तीच पातळी राहावी यासाठी लहान वजनाला किलोमागे थोडं जास्त दिलं जातं. वजन १७ किलो झालं की पुढचा गट लागतो, ०.३२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिलिटर. तुमच्या चिठ्ठीवर यापेक्षा वेगळा आकडा असेल तर स्वतः बदल करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. कुपी कोणत्या ताकदीची आहे यावर मिलिलिटरचा आकडा अवलंबून असतो. जास्त वजनाच्या मुलांसाठी मिलिलिटरमागे २ मिलिग्रॅमचं द्रावणही असतं, आणि तिथे ०.३५ म्हणजे भलताच मोठा डोस होतो.

मोजण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्याकडे ‘औषध चालत नाही’ म्हणून येणाऱ्या घरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच सापडतो. या मुलांची उंची मोजणं इतर मुलांपेक्षा खरंच अवघड असतं. कंबर आत वळलेली असते, गुडघे किंचित वाकलेले असतात, सांधे सैल असतात, डोकं मोठं असल्याने मागे टेकवलं की मान पुढे येते. तीच मुलगी ‘सरळ उभी राहा’ म्हटल्यावर वेगळी भरते आणि स्वतःहून उभी राहिली की वेगळी. त्यात दिवसाचा फरकही असतो: सकाळी उठल्यावर उंची जास्त, संध्याकाळपर्यंत मणक्यांमधल्या चकत्या दबून काही मिलिमीटर कमी. सुरुवातीची खूण सकाळची आणि आत्ताची संध्याकाळची असेल, तर तीन महिन्यांतल्या वाढीचा मोठा हिस्सा तिथेच बुडतो.

म्हणून भिंतीवरची खूण घरच्या आनंदासाठी ठेवा, निर्णयासाठी नको. निर्णयासाठी दवाखान्यातला उंची मोजायचा स्टेडिओमीटर वापरायचा. दर वेळी तोच माणूस, शक्यतो दिवसाची तीच वेळ, अनवाणी, केस मोकळे. गुडघे जितके सरळ होतील तितके, पण दाबून नाही. मुलीला उभं करायचं, मोजायचं, खाली उतरवायचं आणि पुन्हा उभं करायचं, असं तीनदा, आणि तिन्हींची सरासरी घ्यायची. तीन आकड्यांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर मी पुन्हा मोजते. बसलेली उंचीही वेगळी लिहून ठेवते, म्हणजे वाढ धडात झाली की पायांत ते पुढे कळतं. औषधाचा निकाल मी सहा महिन्यांआधी देत नाही, आणि खरा निकाल बारा महिन्यांनी देते.

आणखी एक आकडा तुमच्याकडे आहे का ते बघा: औषध सुरू करण्याआधीच्या सहा महिन्यांतला वाढीचा वेग. तो नसेल तर तुलना कशाशी करणार? आधीचे वाढीचे तक्ते शोधा. लसीकरणाच्या नोंदीत कधी कधी उंची लिहिलेली असते. अगदी अचूक नसली तरी काहीच नसण्यापेक्षा बरी.

माझ्या एका रुग्णाचं वर्ष सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. मुलगा सहा वर्षांचा, वजन १६ किलो. औषधाच्या सहा महिने आधी ९१.० सेंटिमीटर, सुरुवातीच्या दिवशी ९३.०. म्हणजे सहा महिन्यांत दोन सेंटिमीटर, वर्षाला चार. तीन महिन्यांनी ९४.० भरला. तीन महिन्यांत एक सेंटिमीटर म्हणजे आधीचाच वेग. आईवडील खट्टू झाले. त्यांना मी तेच सांगितलं जे तुम्हाला सांगतेय, आणि वाट बघायला लावली. सहा महिन्यांनी ९५.८. आता सहा महिन्यांत २.८, म्हणजे वर्षाला ५.६ चा वेग. वडिलांनी कागदावर मांडून बघितलं आणि म्हणाले, “म्हणजे तीन महिन्यांपूर्वी आपण उगाच रडत होतो.”

पण नवव्या महिन्यात पुन्हा फक्त एक सेंटिमीटर वाढून तो ९६.८ भरला. या वेळी मी नुसती वाट बघितली नाही, कारण एक गोष्ट वेगळी होती. वजन १७.२ झालं होतं आणि डोस जुन्याच गटाचा चालू होता. ती चूक आमचीही होती, मधल्या भेटीत वजनाकडे लक्ष जायला हवं होतं. मग मी रिकाम्या कुप्या आणायला सांगितल्या. दिवस मोजले, कुप्या मोजल्या, आणि कुप्या कमी निघाल्या. आईने सांगितलं की शनिवार-रविवारी मुलगा आजोळी असतो आणि तिथे कोणाला इंजेक्शन देता येत नाही. आठवड्यात सातपैकी दोन दिवस औषध जातच नव्हतं. यात कोणाला रागवायचं नव्हतं. रोज लहान मुलाला सुई टोचणं सोपं नसतं, आणि सुट्टीच्या दिवशी त्यातून सुटका हवीशी वाटणं साहजिक आहे. मावशीने इंजेक्शन द्यायला शिकून घेतलं, डोस नव्या गटाचा केला. बारा महिन्यांनी तो ९८.३ भरला. वर्षात ५.३ सेंटिमीटर. औषधाआधीच्या वेगापेक्षा १.३ ने जास्त, म्हणजे चाचणीतल्या सरासरीच्या जवळपास. त्या तीन महिन्यांतला संथपणा मोजमापाचा होता, चुकलेल्या दिवसांचा होता की दोन्हींचा, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण कुप्या मोजायची सवय मी तेव्हापासून सगळ्यांना लावते.

तर तुमच्या घरीही आधी हे तपासा: तीन महिन्यांत किती दिवस, किती कुप्या. डोस चुकला तर बारा तासांच्या आत आठवला तर द्या. त्याहून उशीर झाला तर तो सोडून द्या आणि पुढचा नेहमीच्या वेळी द्या. एका दिवशी दोन डोस कधीच नाहीत. द्रावण तयार करताना कुपी जोरजोरात हलवू नका, हळुवार गोल फिरवून पावडर विरघळू द्या, आणि तयार केल्यापासून तीन तासांत वापरा. सकाळी तयार करून संध्याकाळी दिलेलं औषध पूर्ण कामाचं असेलच असं नाही. जागा रोज बदला: मांड्या, पोट, नितंब, दंडाची मागची बाजू. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं तर तिथली त्वचा लाल, सुजलेली, कडक होते.

आता मलूल होण्याबद्दल. उंचीपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते, आणि सुदैवाने याचं कारण समजतं. सीएनपीचा निरोप कूर्चेला पोहोचतो तसाच रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाही पोहोचतो. त्या सैल पडतात आणि रक्तदाब थोडा वेळ उतरतो. मुख्य चाचणीत औषध घेणाऱ्या ६० पैकी आठ मुलांत असा रक्तदाब उतरलेला नोंदवला गेला, औषध न घेणाऱ्या ६१ पैकी तिघांत. बहुतेक वेळा इंजेक्शननंतर अर्ध्या तासाच्या आसपास तो उतरला, आणि दीड तासाच्या आत पूर्ववत झाला. मुलगी गप्प होते, रंग फिका पडतो, चक्कर येते, मळमळतं, जांभया येतात. लहान मुलांना ‘मला चक्कर येतेय’ असं सांगता येत नाही, ती फक्त आडवी होतात किंवा चिडचिडतात. तुम्ही ज्याला मलूल होणं म्हणता ते बहुधा हेच.

त्या दोन दिवशी तिने आधी काय खाल्लं-प्यायलं होतं ते आठवून बघा. इंजेक्शनच्या आधीच्या तासाभरात थोडं खाणं आणि एक मोठा पेलाभर, म्हणजे २४० ते ३०० मिलिलिटर, पाणी किंवा दूध पोटात जायला हवं. पाच वर्षांच्या मुलीला एवढं एका दमात प्यायला जमत नाही, म्हणून थोडं थोडं करून द्या. रिकाम्या पोटी किंवा नुकतंच धावून-खेळून घामाघूम झालेलं असताना इंजेक्शन देऊ नका. ताप, उलट्या, जुलाब असतील आणि ती पाणी पीत नसेल तर त्या दिवशी द्यायचं का हे डॉक्टरांना फोन करून विचारा. मी सहसा संध्याकाळची वेळ सुचवते, जेवणानंतरची, जेव्हा मूल तासभर शांत बसेल. शाळेला निघायच्या घाईत इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासाने ती नेमकी बसमध्ये असते.

पुन्हा तसं झालं तर तिला आडवी करा, पाय उशीवर उचलून ठेवा, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्या, आणि वेळ लिहून ठेवा: इंजेक्शन किती वाजता, मलूल किती वाजता, बरी किती वाजता. या तीन वेळा कळल्या की डॉक्टरांचं निम्मं काम होतं. पुढच्या भेटीत दवाखान्यातच इंजेक्शन देऊन अर्ध्या तासाने आणि तासाने रक्तदाब मोजायला सांगा. शुद्ध हरपली, बराच वेळ सावरली नाही, किंवा श्वास लागला तर थांबू नका, सरळ रुग्णालयात न्या. तिला हृदयाचा काही आजार असेल किंवा रक्तदाबाचं दुसरं कोणतं औषध चालू असेल आणि ते आधी सांगायचं राहिलं असेल, तर ते आजच सांगा. अशी मुलं चाचणीत घेतलेली नव्हती. मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर हे औषध देत नाहीत, तेही तपासून घेतलेलं असावं.

सासूबाईंची भीती मला समजते. डोळ्यांसमोर नात मलूल झालेली त्यांनी बघितलीय. त्यांना सांगा की आजवर खाण्यापिण्याची आणि वेळेची घडी बसवल्यावर बहुतेक मुलांत हा त्रास कमी होतो असा माझा अनुभव आहे. आणि पुढचे आठ दिवस इंजेक्शनच्या वेळी त्यांनाच शेजारी बसवा. घड्याळ त्यांच्याकडे द्या.

आता उरलेल्या दोन-तीन गोष्टी, ज्या तुम्ही विचारल्या नाहीत पण पुढे विचाराल. रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम वाढलेलं दिसू शकेल. ते हाड तयार होण्याच्या कामातूनही वाढतं, त्यामुळे फक्त त्या आकड्यावरून यकृत बिघडलं असं समजून कोणी औषध थांबवू नये. यकृताचे बाकीचे आकडे डॉक्टर बघतीलच. हाडांचं वय या औषधाने पुढे पळत नाही, म्हणजे आज वेग मिळवण्यासाठी उद्याची वर्षं खर्च होत नाहीत. हातपाय आणि धड यांचं प्रमाण मात्र पहिल्या वर्षात लक्षणीय बदललेलं चाचणीत दिसलं नाही. एका वर्षात मुलगी इतर मुलांसारखी दिसू लागेल असं कोणी सांगितलं असेल तर ते मनातून काढा.

शेवटी उंची किती होईल? औषधाशिवाय अकॉन्ड्रोप्लेजिया असलेल्या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १२४ सेंटिमीटर असते, पुरुषांची १३१. १.५७ ला उरलेल्या वर्षांनी गुणून एक मोठा आकडा सांगायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही सुरुवातीला झाला होता. मी तो सांगत नाही. फायदा पुढच्या वर्षांतही टिकतो असं दीर्घकाळच्या पाठपुराव्यात दिसतंय, पण दरवर्षी तेवढीच भर पडते असं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत तर वर्षाकाठचा फरक कमी होता, आणि पाचव्या वर्षाच्या आत सुरू केलेली मुलं अजून पूर्ण वाढलेली नाहीत. हे औषध युरोपात आणि अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं, तेव्हापासूनचा काळ तसा थोडाच आहे.

आणि ज्या गोष्टी या औषधाने टळतात असं गृहीत धरायचं नाही, त्याही सांगते. कवटीच्या तळाशी मज्जारज्जू जातो ते छिद्र अरुंद असणं, झोपेत श्वास अडकणं, कानात पाणी साठून ऐकू कमी येणं, पायांना बाक येणं, मोठेपणी कमरेत मज्जारज्जूवर दाब येणं, या सगळ्यांची तपासणी ठरल्याप्रमाणे चालूच ठेवायची. इंजेक्शन सुरू झाल्यावर काही घरांत झोपेची तपासणी मागे पडते, कारण सगळ्यांचं लक्ष फूटपट्टीकडे असतं. तुमची मुलगी झोपेत घोरत असेल, डोकं मागे टाकून झोपत असेल, चालताना पूर्वीपेक्षा लवकर थकत असेल किंवा हातापायांत बळ कमी वाटत असेल, तर उंचीच्या भेटीची वाट बघू नका.

औषध किती वर्षं हा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. ग्रोथ प्लेट उघडी आहे तोवरच ते काम करतं. वयात येताना एक्स-रे काढून ती मिटली का ते बघतात. ती मिटली आणि वर्षाचा वेग दीड सेंटिमीटरच्याही खाली गेला, की औषध थांबवतात. मधेच थांबवलं तर वाढलेलं हाड कमी होत नाही, फक्त वेग हळूहळू पूर्वीसारखा होतो. त्यामुळे प्रवासात किंवा आजारपणात आठवडाभर खंड पडला तर घाबरून जाऊ नका. पण तो खंड वहीत लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी त्याचंच कोडं आपल्याला सोडवावं लागेल.

सध्या तुम्ही एवढं करा: इंजेक्शनची वेळ संध्याकाळी जेवणानंतर घ्या, पेलाभर पेय आणि तीन वेळांची नोंद सुरू करा, मलूल होण्याबद्दल या आठवड्यातच डॉक्टरांना कळवा, कुप्या मोजा, आणि पुढच्या तीन महिन्यांनी दवाखान्यातल्या स्टेडिओमीटरवर त्याच माणसाकडून, त्याच वेळी मोजून घ्या. औषध सुरू केलं त्या दिवशीची दवाखान्यातली उंची, सहा महिन्यांची उंची आणि त्याआधीच्या सहा महिन्यांतली वाढ, हे तीन आकडे हाती आले की इथे टाका, मी बघते.